पुणे, दुबई, म्युनिक, न्यू जर्सी: एकत्र खेळायला सर्व्हर कुठे ठेवायचा?

कॉलेज संपलं, मंडळी पांगली, आणि आता रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माइनक्राफ्ट खेळायचं ठरलंय. दोघं पुण्यात आहेत, एक दुबईत, एक म्युनिकला, एक न्यू जर्सीला. सर्व्हर भाड्याने घ्यायचा म्हटलं की कंपनीच्या पानावर शहरांची यादी समोर येते. मग कोणी नकाशावर बोट ठेवून म्हणतं, "मधलं काहीतरी घ्या." कोणी म्हणतं, "पैसे मी भरतोय, माझ्या जवळचा घ्या." दोन्हीत चूक होण्याची शक्यता मोठी आहे. इंटरनेट नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. शिवाय पाचांपैकी ज्याला सर्वात जास्त त्रास होतो तोच दोन महिन्यांनी यायचा बंद होतो, आणि गट तिथून विरत जातो. म्हणून शहर निवडताना माझा नियम असा: सर्वात लांबच्या माणसाला खेळता येईल ना, हे आधी बघायचं. सरासरी नंतर.

हा लेख माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला धरून लिहिला आहे. बहुतेक पायऱ्या दुसऱ्या खेळांनाही लागू पडतात. जिथे हिशोब बदलतो ते शेवटाकडे सांगितलं आहे.

किती पिंग चालतो, हे आधी ठरवा

पिंग म्हणजे तुमच्या यंत्राकडून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा जगाची स्थिती पुढे सरकवतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एकदा. या एका वेळेला टिक म्हणतात. त्यामुळे २० चा पिंग आणि ५० चा पिंग यांतला फरक हाताला जवळजवळ जाणवत नाही. ५० आणि १५० मधला जाणवतो, पण घर बांधणं, खाण खणणं, शेती करणं सुखाने चालतं. तुमचं स्वतःचं चालणं तुमच्याच यंत्रावर लगेच दिसतं, सर्व्हर ते मागाहून तपासतो.

२०० च्या पुढे गेलं की बारीक त्रास सुरू होतो. पेटी उघडायला क्षणभर थांबावं लागतं. झाँबीला तलवार मारली तरी तो मागे ढकलला जाण्याआधी त्याचा फटका बसतो. क्रीपर पेटल्यापासून फुटायला दीड सेकंद घेतो, त्यामुळे त्यापासून पळता येतं. पण धनुष्यबाण घेतलेल्या सांगाड्याशी किंवा एकमेकांशी लढताना हा उशीर सरळ नुकसान करतो. सहकार्याने खेळणाऱ्या गटासाठी मी १५० पर्यंत "छान", २०० पर्यंत "चालेल" असं धरतो. आपसात लढाया करणार असाल तर आकड्यापेक्षा दोन खेळाडूंमधलं अंतर महत्त्वाचं असतं. एकाला १० आणि दुसऱ्याला २०० असेल तर ती लढत बरोबरीची नाही.

मोजण्याआधी अंदाज बांधा

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन हिशोब केला तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर, म्हणजे तुम्ही कितीही महागडं कनेक्शन घ्या, ६६ च्या खाली पिंग येणं निसर्गनियमातच बसत नाही. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेऊन जाते आणि वाटेत यंत्रंही असतात, त्यामुळे ११० ते १३० येतो. हिशोबाच्या आकड्याला दीड ते दोनने गुणलं की खरा पिंग कुठे पडेल याचा बरा अंदाज येतो. लंडन ते न्यूयॉर्क हा मार्ग जवळपास सरळ आहे, तिथे गुणक याहून कमी पडतो आणि ७०-७५ सहज मिळतो.

या अंदाजाचा उपयोग शहर निवडण्यापेक्षा चूक पकडण्यासाठी जास्त होतो. मुंबई ते दुबई अंतर साधारण १,९०० किलोमीटर आहे. तिथे ३० ते ४० पिंग यायला हवा. १४० येत असेल तर तुमचा निरोप दुबईहून आधी युरोपात जातोय आणि तिथून मुंबईला परत येतोय. हे खरंच घडतं, कारण दोन इंटरनेट कंपन्यांची एकमेकांशी जवळ जोडणी नसली तर त्या जिथे भेटतात तिथून रहदारी फिरवली जाते. असा आकडा दिसला की मुंबईलाच बाद करू नका. त्याच शहरात दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर घेऊन बघा, जोडणी वेगळी असते आणि पिंग कित्येकदा एका झटक्यात खाली येतो.

प्रत्येकाने आपापल्या घरून मोजायचं

इथे कोणीतरी एकानेच "मी सगळीकडचं तपासलं" म्हणून भागत नाही. पाचही जणांनी, ज्या यंत्रावर खेळणार त्याच यंत्रावरून, ज्या वेळी खेळणार त्याच वेळी मोजायचं. पुण्यात रविवारी रात्री साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात, म्युनिकला उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि न्यू जर्सीला सकाळचे अकरा असतात. म्हणजे पुणे आणि दुबई दोन्हीकडे सगळं शहर व्हिडिओ बघत बसलेलं असतं. दुपारी तीनला घेतलेला आकडा रात्री साडेआठला खरा ठरेलच असं नाही.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या प्रत्येक शहरासाठी चाचणीचा पत्ता देतात. उदाहरणादाखल लिनोडचे पत्ते घेतले आहेत. तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून घेणार असाल तर तिचेच पत्ते वापरा, कारण एकाच शहरात दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. विंडोजवर असं:

```
ping -n 100 speedtest.mumbai1.linode.com
ping -n 100 speedtest.frankfurt.linode.com
ping -n 100 speedtest.london.linode.com
ping -n 100 speedtest.newark.linode.com
ping -n 100 speedtest.singapore.linode.com
```

मॅक किंवा लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` लिहायचं. चार वेळा पिंग करून थांबू नका. १०० वेळा केल्यावर दीड-पावणेदोन मिनिटं लागतात, पण त्यातच दोष दिसतात. शेवटी आलेल्या ओळींतून तीन गोष्टी ग्रुपवर टाका: सरासरी, सर्वात मोठा आकडा, आणि किती टक्के निरोप हरवले.

त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरच्या राउटरला एकदा पिंग करावा. बहुतेक घरांत तो पत्ता `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. राउटर पलीकडच्या खोलीत असूनही आकडा २ वरून ८० वर उड्या मारत असेल, तर दोष वायफायचा आहे आणि जगातलं कुठलंही शहर निवडून तो जाणार नाही. केबल लावून पुन्हा मोजा, मगच पुढचे आकडे खरे धरा.

एका सापळ्यापासून जपा. कंपनीच्या मुख्य वेबसाइटच्या पत्त्याला पिंग करू नका. मोठ्या वेबसाइटींच्या प्रती जगभर ठेवलेल्या असतात आणि उत्तर तुमच्या जवळच्या प्रतीकडून येतं. मग पाचही जणांना ५-१० पिंग दिसतो आणि सगळे खूश होतात, पण तो सर्व्हरचा पिंग नसतोच. तसंच खेळांसाठी तयार सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांच्या पानावर नुसतं "एशिया" लिहिलेलं असतं. ते मुंबई असेल की सिंगापूर, हे विचारून घ्या. पुणेकराला त्यात पन्नासेक मिलिसेकंदांचा फरक पडतो.

आकडे एका तक्त्यात मांडा

आपल्या या पाच जणांना साधारण कसे आकडे येतात, ते खाली दिले आहेत. हे उदाहरण आहे, तुमच्या कनेक्शनप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होतील.

| सर्व्हर | पुणे १ | पुणे २ | दुबई | म्युनिक | न्यू जर्सी | सरासरी | सर्वात वाईट |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मुंबई | ८ | १४ | ३५ | १२५ | २०५ | ७७ | २०५ |
| फ्रँकफर्ट | १२२ | १२८ | ११८ | १२ | ९२ | ९४ | १२८ |
| लंडन | ११८ | १२४ | १२० | २८ | ७६ | ९३ | १२४ |
| न्यूअर्क | १९८ | २०४ | १९५ | ९८ | ८ | १४१ | २०४ |
| सिंगापूर | ६५ | ६९ | ९५ | १७० | २३५ | १२७ | २३५ |

सरासरीच्या रकान्याकडे बघितलं तर मुंबई स्पष्ट जिंकते. पण ती सरासरी तिघांच्या सुखावर उभी आहे. न्यू जर्सीवाला २०५ वर बसतो आणि त्याची गैरसोय बाकीच्यांच्या ८ आणि १४ मध्ये मिसळून दिसेनाशी होते. मुळात पुणेकराला १४ च्या जागी १२४ मिळाल्याने घर बांधण्यात फार काही बिघडत नाही. न्यू जर्सीवाल्याला २०५ च्या जागी ७६ मिळाल्याने मात्र त्याचा खेळ बदलतो. म्हणून इथे माझं मत लंडनला. कोणीही १३० च्या वर नाही, आणि सर्वात चांगला व सर्वात वाईट यांतलं अंतर ९६ आहे. मुंबईत हेच अंतर १९७ होतं.

फ्रँकफर्ट आणि लंडन जवळजवळ बरोबरीत आहेत. लंडनने न्यू जर्सीला १६ वाचतात आणि म्युनिकला १६ जास्त पडतात, पण म्युनिकवाल्याकडे ते सोसायला भरपूर जागा आहे. फ्रँकफर्टचा सर्व्हर बराच स्वस्त मिळत असेल तर तोही बिनदिक्कत घ्या, चार-सहा मिलिसेकंदांसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. तुमची कंपनी पॅरिस देत असेल तर तेही मोजा. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या कित्येक केबल फ्रान्समध्ये मार्सेच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे फ्रान्समधला सर्व्हर भारताला कधी कधी लंडनपेक्षा जवळ पडतो.

सिंगापूरचा आकडा मुद्दाम ठेवला आहे. भारतातल्या आणि बाहेरच्या मित्रांच्या गटात हे नाव फार वेळा सुचवलं जातं. सगळे मित्र भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया या पट्ट्यात असतील तर ते उत्तमच आहे. पण इथे कोणीच पूर्वेला नाही. म्युनिक आणि न्यू जर्सीचे निरोप उगाच आणखी लांब जातात.

आता दुसरी बाजू. न्यू जर्सीवाला महिन्यातून एकदा येतो आणि पुणे-दुबईचे तिघं रोज रात्री तीन तास खेळतात, असं असेल तर? मग प्रत्येकाचा आकडा त्याच्या आठवड्याच्या तासांनी गुणून बेरीज करा. मुंबई फार पुढे जाईल आणि तसं होणं रास्त आहे. फक्त हा निर्णय त्या मित्राला विचारून घ्या. तो मोकळेपणाने "मला २०५ चालेल, मी तसाही बागकामच करतो" म्हणाला तर प्रश्न मिटला.

सरासरीपेक्षा स्थिरता बघा

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपी या पद्धतीने बोलते. तीत एक निरोप हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबून राहतात. मग प्राणी जागच्या जागी गोठतात आणि क्षणाने सगळे एकदम धावतात. लांबच्या वाटेवर हे थांबणं जास्त काळ टिकतं, कारण हरवलेला निरोप पुन्हा मागवायलाच एक पूर्ण फेरी लागते. म्हणून १४० वर स्थिर आणि एकही निरोप न हरवणारं शहर मी ११० सरासरीच्या पण दोन टक्के गळतीच्या शहरापेक्षा वर ठेवतो. तुमच्या तक्त्यात कोणाचा सर्वात मोठा आकडा सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर त्या खाली खूण करा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजा.

गळती नेमकी कुठे होते हे बघायला लिनक्स-मॅकवर `mtr` आणि विंडोजवर WinMTR आहे. ते वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा आकडा दाखवतात. वाचताना एक लक्षात असू द्या. मधल्याच एखाद्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसते आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांवर शून्य असते. तो दोष नाही. ते यंत्र पुढची रहदारी नीट पाठवतं, फक्त चौकशीला उत्तर द्यायला कंटाळा करतं. गळती एखाद्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली असेल तरच ती खरी.

एक संध्याकाळ खेळून बघा, मग महिनाभराचे पैसे भरा

तासावर पैसे घेणाऱ्या कंपनीकडे पहिल्या दोन शहरांत सर्व्हर उभे करा, तेच जग दोन्हीकडे ठेवा आणि सगळ्यांनी अर्धा-अर्धा तास खेळा. नुसतं फिरू नका. पेट्या उघडा, रात्री बाहेर पडून लढा, दोघांनी एका होडीत बसा. शक्य असेल तर कुठला सर्व्हर कुठल्या शहरात आहे हे खेळाडूंना सांगू नका. "लंडन म्हणजे लांब" हे मनात बसलं की १२० सुद्धा जड वाटतो.

खेळताना अडखळलं तर दोष अंतराचा की सर्व्हरच्या ताकदीचा, हे ओळखणं सोपं आहे. एकालाच त्रास होत असेल तर त्याची वाट बघा. सगळ्यांना एकाच क्षणी होत असेल, फोडलेला ठोकळा परत जागेवर येत असेल, तर सर्व्हर दमलाय. १.२०.३ पासून पुढच्या आवृत्त्यांत हे विचारता येतं:

```
/tick query
```

पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर `/mspt` चालतं. एका टिकला लागणारा सरासरी वेळ ५० मिलिसेकंदांच्या वर असेल तर शहर बदलून उपयोग नाही. या खेळाचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतं. म्हणून जास्त गाभ्यांपेक्षा वेगवान गाभ्याचा सर्व्हर घ्या, किंवा किती लांबपर्यंतचं जग हलतं ठेवायचं ते `server.properties` मधल्या `simulation-distance` मध्ये कमी करा.

पत्ता नावाने द्या, म्हणजे हलवणं सोपं जाईल

मित्रांना आकड्यांचा आयपी पत्ता वाटू नका. स्वतःचं एखादं डोमेन असेल तर त्याखाली एक नाव तयार करून ते सर्व्हरच्या आयपीकडे वळवा आणि टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो अवधी, ३०० सेकंद ठेवा. उद्या गटातलं कोणी सिडनीला गेलं आणि सगळा हिशोब बदलला, तर जुना सर्व्हर `stop` ने बंद करायचा, सर्व्हरचं संपूर्ण फोल्डर बांधून नव्या ठिकाणी न्यायचं आणि नाव नव्या आयपीकडे वळवायचं. पाच-दहा मिनिटांत मित्र त्याच नावाने आत येतात. जुनं यंत्र आठवडाभर तरी पुसू नका.

मात्र पिंग अचानक वाढला म्हणून लगेच हलवू नका. भारत आणि आखातातून युरोपला जाणारी बरीच रहदारी लाल समुद्रातल्या केबलींमधून जाते. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या काही केबल तुटल्या, तेव्हा रहदारी लांबच्या वाटांनी वळवावी लागली. ओळखायची खूण अशी: पुणे आणि दुबई दोघांचाही लंडनचा पिंग एकाच दिवशी उडी मारतो आणि म्युनिक, न्यू जर्सीचा तसाच राहतो. अशी दुरुस्ती कधी कधी काही आठवडे चालते. तेवढ्या काळापुरता मुंबईत तात्पुरता सर्व्हर ठेवणं परवडतं, पण परतीचा रस्ता खुला ठेवा.

जिथे हा हिशोब बदलतो

व्हॅलहाइमसारख्या खेळात सर्व्हर वेगळा असला तरी राक्षस आणि पडणारी झाडं यांचं गणित त्या परिसरात आधी पोहोचलेल्या खेळाडूच्या यंत्रावर होतं. सर्व्हर निरोप इकडून तिकडे देतो. सर्व्हर लंडनला आहे आणि न्यू जर्सीवाला आधी पोहोचला, तर पुण्याच्या खेळाडूला त्या राक्षसाशी लढताना ११८ अधिक ७६, म्हणजे १९४ चा पिंग पडतो, जरी त्याला स्वतःचा ११८ दिसत असला तरी. म्युनिकवाला आधी गेला तर पुण्याला ११८ अधिक २८, म्हणजे १४६, आणि न्यू जर्सीला १०४. म्हणून अशा खेळात शहर ठरवल्यावरही एक काम उरतं. मोठ्या लढाईआधी ज्याचा सर्व्हरशी पिंग सर्वात कमी आणि यंत्र दणकट आहे, त्याला आधी पुढे पाठवायचं. बाकीच्यांनी तो आत पोहोचल्याचं सांगेपर्यंत लांब थांबायचं.